मेकॅनम रोबोट: नाक सरळ, पण गाडी बाजूला (प्रकल्प नोंदी)

रविवार, १२ जानेवारी

आज चाकं चढवली. आधी हा रोबोट कशासाठी ते लिहून ठेवतो. कुपवाड एमआयडीसीत मित्राचं छोटं टर्निंग शॉप आहे, तिथे लेथवरून उतरलेल्या जॉबचे ट्रे उचलून तपासणीच्या टेबलापर्यंत न्यायचे, आणि दोन मशीनच्या मधली गल्ली जेमतेम ९० सेंटीमीटरची. तिथे वळायला जागा नाही, म्हणजे गाडी पुढे जाऊन मग खेकड्यासारखी आडवी सरकून टेबलाला लागली पाहिजे, आणि म्हणूनच मेकॅनम चाकं. चाक १०० मिमीचं, त्याच्या कडेला तिरपे रोलर, प्रत्येक रोलर ४५ अंशात आणि आपापल्या पिनवर मोकळा फिरणारा. ही कल्पना स्वीडनच्या बेंग्ट इलॉन या इंजिनिअरची, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, १९७५ मधे त्यांना अमेरिकन पेटंट मिळालं. नाव ते ज्या कंपनीत होते त्या मेकॅनम एबीवरून पडलं.

चाक समजून घ्यायचं तर ते हातात घेऊन जमिनीवर टेकवून ढकलून बघावं, पुस्तकापेक्षा पटकन कळतं. रोलर स्वतःच्या अक्षाभोवती मोकळा आहे, त्यामुळे त्या आडव्या दिशेला ढकललं तर चाक काहीच विरोध करत नाही, सुळ्ळकन जातं. विरोध फक्त रोलरच्या लांबीच्या दिशेने. म्हणजे मोटरने चाक फिरवलं की जमिनीला जो जोर लागतो तो सरळ पुढे लागत नाही, रोलरच्या लांबीच्या दिशेने तिरपा लागतो. एक चाक पुढे-उजवीकडे ढकलतं, शेजारचं पुढे-डावीकडे. गाडी सरळ जाते ती हे तिरपे जोर एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून. हे वाक्य मी मुद्दाम ठळक करून ठेवतोय कारण मला वाटतं पुढची सगळी भानगड इथेच आहे.

चाकं दोन जातीची येतात, डावी तिरपी आणि उजवी तिरपी, दोन-दोन. मी बसवली आणि रिमोटने जागच्या जागी फिरवायला गेलो तर गाडी नुसती थरथरली, फिरेचना. भाचा बाजूला बसला होता, तो म्हणाला, "मामा, वरून बघ ना, फुली दिसायला पाहिजे, तुझा चौकोन दिसतोय." बरोबर होतं त्याचं. वरून बघताना चारही चाकांचे वरचे रोलर मिळून फुलीसारखे दिसले पाहिजेत, म्हणजे जमिनीला टेकलेले खालचे रोलर आपोआप चौकोन करतात.

उलटं बसवलं तर का फिरत नाही याचा हिशोब लगेच लागतो. माझ्या गाडीत मध्यापासून पुढच्या अॅक्सलपर्यंत १५ सेंटीमीटर आणि मध्यापासून बाजूच्या चाकापर्यंत १३. बरोबर बसवलं तर प्रत्येक चाकाच्या जोराला गाडी फिरवण्यासाठी १५ + १३, म्हणजे २८ हा आकडा मिळतो. उलटं बसवलं तर तो १५ − १३ होतो, म्हणजे फक्त २. जोराच्या रेषा जवळपास गाडीच्या मध्यातून जातात, मग फिरवणार कशाने. डावी-उजवी चाकं आपापसात बदलली आणि गाडी भिंगरीसारखी फिरली.

शनिवार, १८ जानेवारी

आज कोड. नावं FL, FR, RL, RR, म्हणजे पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. पुढे जाण्याचा वेग vx, डावीकडे सरकण्याचा vy, घड्याळाच्या उलट फिरण्याचा w. दिशा एकदाच ठरवायच्या आणि कागदावर लिहून भिंतीला चिकटवायच्या, नाहीतर चिन्हांच्या गोंधळात आख्खा दिवस जातो.

```cpp
const float R = 0.05;         // m
const float L = 0.15 + 0.13;  // lx + ly
float fl = (vx - vy - L*w) / R;
float fr = (vx + vy + L*w) / R;
float rl = (vx + vy - L*w) / R;
float rr = (vx - vy + L*w) / R;
```

उत्तर रेडियन प्रति सेकंदात येतं. ०.४ मीटर प्रति सेकंद सरळ पुढे म्हटलं तर चारही चाकांना ८, म्हणजे साधारण ७६ आरपीएम. डावीकडे सरकायचं तर FL आणि RR मागे फिरतात, FR आणि RL पुढे. इथे बघा, जोड्या कोपऱ्या-कोपऱ्याच्या आहेत. वळण्यासाठी डावी बाजू विरुद्ध उजवी बाजू, पण बाजूला सरकण्यासाठी एक कर्ण विरुद्ध दुसरा कर्ण.

तेच उलटं मांडलं की चाकांच्या वेगावरून गाडी कुठे चाललीय ते कळतं:

```text
vx = R/4     * ( FL + FR + RL + RR)
vy = R/4     * (-FL + FR + RL - RR)
w  = R/(4*L) * (-FL + FR - RL + RR)
```

चाकं चार आणि गाडीच्या हालचाली तीन, त्यामुळे एक गोष्ट उरते. पुढच्या दोन चाकांची बेरीज ही मागच्या दोघांच्या बेरजेइतकी असलीच पाहिजे, तरच कुठलंही चाक न घसरता गाडी चालेल. ती नसली तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि कुणीतरी घसरतं.

कोडमधे अजून एक काळजी घेतली. तिन्ही आज्ञा एकत्र दिल्या की एखाद्या चाकाला मोटरच्या ताकदीबाहेरचा वेग येतो, तेव्हा फक्त त्या एकाला कापायचं नाही, चौघांना एकाच प्रमाणात कमी करायचं. एकालाच कापलं तर प्रमाण बिघडतं आणि गाडी भलत्याच दिशेला जाते. गाडी खोक्यावर ठेवून चाकं अधांतरी फिरवून बघितली, दिशा सगळ्या बरोबर.

रविवार, २६ जानेवारी

पहिल्यांदा जमिनीवर. घरातला हॉल, व्हिट्रिफाइड टाइल, टाइलच्या सांध्याची रेघ हीच माझी पट्टी. चारही मोटरना सारखा पीडब्ल्यूएम दिला आणि ३ मीटर सोडली. गाडी डावीकडे ११ सेंटीमीटर गेली. परत सोडली, १०. परत, ११. आणि गंमत म्हणजे नाक अजिबात वळलं नव्हतं, गाडी रेघेला समांतरच होती, फक्त रेघ सोडून बाजूला जाऊन उभी. भाचा म्हणाला जायरो लाव, सगळे तेच लावतात. पण जायरो लावलेलाच होता, नुसता लॉग चालू होता, आणि तीन मीटरमधे तो अर्ध्या अंशाच्या आतच होता. जायरोच्या दृष्टीने गाडी सरळच गेली. तो दुरुस्त करणार तरी काय, त्याला चूक दिसतच नाही. साध्या चाकांच्या गाडीला बाजूला जायचं तर आधी वळावं लागतं, म्हणून तिथे जायरो पुरतो. इथे न वळता जाता येतं, हाच या चाकांचा गुण आणि हीच अडचण.

मग एन्कोडरचे आकडे काढले. सारखा पीडब्ल्यूएम देऊनही चाकं अशी फिरत होती: FL ७१, FR ७६, RL ७७, RR ७२ आरपीएम. आता बेरजा करतो.

डावी बाजू ७१ + ७७ = १४८. उजवी बाजू ७६ + ७२ = १४८. म्हणजे वळण शून्य, जायरो बरोबर बोलत होता.

एक कर्ण FL आणि RR, ७१ + ७२ = १४३. दुसरा कर्ण FR आणि RL, ७६ + ७७ = १५३. फरक १०, आणि चौघांची बेरीज २९६. दहाला २९६ ने भागलं की ०.०३४, म्हणजे पुढे जाईल त्याच्या ३.४ टक्के डावीकडे. तीन मीटरला १० सेंटीमीटर. मोजलं होतं १०-११. मी दोनदा परत बेरीज केली, मला खरंच फार आनंद झाला, इतक्या सरळ गणितात इतकं नेमकं उत्तर फार कमी वेळा मिळतं.

इथून पुढे कुणाचा मेकॅनम रोबोट बाजूला जात असेल तर मी आधी हेच विचारणार, की चार चाकांचे आरपीएम सांगा. डावं-उजवं नाही जुळलं तर वळेल, कर्ण नाही जुळले तर सरकेल, पुढचं-मागचं नाही जुळलं तर आतल्या आत घासेल. माझं पुढचं-मागचं १४७ आणि १४९, म्हणजे भांडण नावापुरतंच.

रविवार, २ फेब्रुवारी

आठवडाभर संध्याकाळी पीआय लूप लिहिलं, प्रत्येक चाकाला स्वतंत्र. आता आज्ञा पीडब्ल्यूएमची नाही, वेगाची, आणि प्रत्येक मोटर आपला वेग स्वतः सांभाळते. चारही चाकं आता सरासरीत एका आरपीएमच्या आत. ०.४ मीटर प्रति सेकंदाने ३ मीटर सोडली, बाजूला जाणं सेंटीमीटरच्या आत, जवळपास ७ मिमी, आणि ते आता उजवीकडे. झालं असं वाटलं.

मग वेग दुप्पट केला, ०.८, आणि गाडी जवळजवळ २ सेंटीमीटर उजवीकडे. एन्कोडर बघतो तर चौघांचे वेग तंतोतंत जुळलेले. कर्णांची बेरीज सारखी. गणिताप्रमाणे vy शून्य, आणि गाडी मात्र सरकलेली.

इथे एक प्रयोग केला तो नीट लिहितो कारण त्यानेच सगळं उलगडलं. गाडीच्या बरोबर मध्यावर एक नळी बांधली, त्यात स्केचपेन मोकळं सोडलं, म्हणजे ते स्वतःच्या वजनाने खाली टेकून रेघ ओढत जाईल, आणि जमिनीवर वाणसामान बांधायच्या खाकी कागदाचा लांब पट्टा चिकटवला. गाडी गेली आणि मी गुडघ्यावर बसून ती रेघ बघितली. पहिल्या दीड वितीत रेघ उजवीकडे वाकून ३ सेंटीमीटर सरकली. मग पुढे आख्खा कागदभर सरळ, पट्टी लावून बघितली तरी सरळ. आणि शेवटी थांबताना साधारण १ सेंटीमीटर परत डावीकडे. एक लांबुळका इंग्रजी एस, ज्याचं पोट एकदम सरळ.

मग १ मीटरचा आणि ३ मीटरचा, दोन्ही पल्ले घेतले. दोन्हीकडे सरकणं सारखंच, २ सेंटीमीटर! मागच्या आठवड्यातला ड्रिफ्ट अंतरासोबत वाढणारा होता, हा अंतराकडे बघतच नाही. म्हणजे हा चालताना होत नाही, निघताना आणि थांबताना होतो. आणि ०.४ ला थांबताना परतीचं सरकणं जवळपास नव्हतंच असं धरलं, तर वेग दुप्पट केल्यावर निघतानाचं सरकणं ७ मिमीचं ३ सेंटीमीटर झालं, म्हणजे साधारण चौपट. घसरण असली की असंच होणार, कारण वेग दुप्पट तर घसरण्याचा वेळ दुप्पट आणि त्या वेळात पडणारा फरकही दुप्पट.

चाक घसरतं तेव्हा एन्कोडरला ते कळत नाही. चाक फिरलं इतकंच त्याला माहीत, जमीन पकडली की नाही ते नाही. पण चारही चाकं सारखी घसरली असती तर गाडी सरळच राहिली असती. म्हणजे एक कर्ण जास्त घसरतोय, आणि उजवीकडे जातेय म्हणजे FL आणि RR पकडतायत, FR आणि RL घसरतायत. का बरं?

रविवार, ९ फेब्रुवारी

का, तर वजन. पण सरळ वजन नाही. बॅटरी मधोमध आहे, गाडी हातात धरली तर समतोल वाटते. आज स्वयंपाकघरातला ५ किलोचा डिजिटल काटा मागून घेतला आणि एकेका चाकाखाली ठेवून मोजलं. यात एक पथ्य आहे, बाकीच्या तीन चाकांखाली काट्याच्याच उंचीचे प्लायचे तुकडे पाहिजेत, नाहीतर गाडी कलते आणि आकडे खोटे येतात.

FL ३.६ किलो, FR २.१, RL २.२, RR ३.३. एकूण ११.२.

डावी बाजू ५.८, उजवी ५.४. पुढे ५.७, मागे ५.५. कुणीही म्हणेल की वजन छान वाटलंय. पण कर्ण बघा: FL आणि RR मिळून ६.९, FR आणि RL मिळून ४.३. हे आपल्या डुगडुगणाऱ्या टेबलासारखं आहे. टेबल चार पायांवर उभं दिसतं पण खरं वजन समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर असतं आणि उरलेले दोन पाय नुसते टेकलेले. साध्या चाकांच्या गाडीला याचा फारसा त्रास होत नाही. मेकॅनमला होतो, कारण डुगडुग कर्णात असते आणि बाजूला ढकलणारी जोडीही नेमकी तीच.

निघताना काय होतं ते आता दिसतं. आज्ञा एकदम येते, चाकं झटक्यात वेग पकडतात, हलका कर्ण जागीच घसरतो, जड कर्ण पकडतो आणि गाडीला पुढे-उजवीकडे खेचतो. घसरण संपली की सरळ. थांबताना जोर उलटे, म्हणून जड कर्ण मागे-डावीकडे खेचतो. मी मोटर नुसती सोडून देऊन थांबवत होतो, ब्रेक मारत नव्हतो, म्हणून थांबणं हळू आणि परतीचं सरकणं कमी. एस का पूर्ण मिटत नव्हता त्याचं कारण हे.

किती घर्षण लागतं तेही काढलं. एका सेकंदात ०.८ चा वेग गाठायचा असा चढता रॅम्प दिला तर प्रत्येक चाकाला रोलरच्या दिशेने साधारण ३.२ न्यूटन जोर द्यावा लागतो. सगळ्यात हलक्या चाकावर २.१ किलो म्हणजे २०.६ न्यूटन, तर घर्षणांक ०.१५ पुरतो, तेवढं धुळीतही मिळेल. तोच वेग पाव सेकंदात गाठायचा म्हटलं तर चौपट, ०.६ च्या वर, आणि तिथे हलकं चाक सुटतं. रॅम्प लावल्यावर एस गायब झाला.

पण रॅम्पवर थांबून चालणार नाही. शॉपमधे माणूस आडवा आला तर गाडी झटक्यात थांबायलाच हवी, तिथे हळूहळू थांबणं चालत नाही. म्हणून फ्रेमकडे वळलो. FR च्या मोटर ब्रॅकेटच्या आणि फ्रेमच्या मधे १ मिमीचा वॉशर पॅकिंग म्हणून घातला, म्हणजे ते चाक १ मिमी खाली आलं. परत वजन: FL ३.०, FR २.७, RL २.८, RR २.७. कर्ण ५.७ आणि ५.५. डावी-उजवी, पुढची-मागची बेरीज जिथल्या तिथे, ती पॅकिंगने बदलत नसतेच, ती गाडीच्या गुरुत्वमध्यावर ठरते. फक्त कर्ण बदलतो. एक मिलिमीटरने तब्बल अडीच किलोचा फरक मिटला, मला हे आकडे बघून बराच वेळ नुसतं बसून राहावंसं वाटलं.

रॅम्प काढून परत सोडली. एस जवळजवळ गेला, निघताना उरलं ते ४ मिमी.

रविवार, १६ फेब्रुवारी

शॉपमधे नेली. तिथे शहाबादी फरशी, जुनी, सांध्यांत एक-दोन मिलिमीटरच्या पायऱ्या. कागदावर सरळ जाणारी गाडी तिथे कधी उजवीकडे तर कधी डावीकडे. दर वेळी वेगळं. साहजिक आहे, घरी मी १ मिमीचा वॉशर घालून फ्रेम जुळवली ती सपाट टाइलसाठी, आणि इथे फरशी स्वतःच प्रत्येक पावलाला एक मिलिमीटर वर-खाली होतेय. मागच्या रविवारी जुळवलेला कर्ण फरशी परत परत बिघडवतेय. जास्त उंचवट्यावर एक चाक तर चक्क उचललं जातं, खालून कागदाची पट्टी सहज निघाली.

उपाय म्हणजे पुढचं अॅक्सल झुलतं करणं. ट्रॅक्टरचं पुढचं अॅक्सल जसं मधल्या एका पिनवर डोलतं तसंच. लेथवरच्या दादांनी पितळी बुश लगेच काढून दिलं, त्यात ८ मिमीचा बोल्ट, नायलॉक नट, आणि पुढची दोन्ही चाकं एका आडव्या पट्टीवर. आता गाडी तीन बिंदूंवर उभी आहे असं म्हणता येईल, मागची दोन चाकं आणि मधली पिन, आणि तीन पायांचं स्टूल डुगडुगत नाही. पुढची दोन्ही चाकं २.८५ किलोवर, मागचं डावं २.९५, उजवं २.५५. कर्ण ५.४ आणि ५.८. अगदी सारखे नाहीत, पण फरशी बदलली तरी हे आकडे फारसे हलत नाहीत आणि मला तेच हवं होतं. बोल्ट करकचून आवळायचा नाही, अॅक्सल बोटाने डोललं पाहिजे, आणि मोटरच्या वायरींना तेवढी ढील द्यायची.

आज अजून एक गोष्ट सापडली. चालताना दर फेऱ्याला एक बारीक झटका येत होता, RR कडून. चाक काढून एकेक रोलर बोटाने फिरवला, नववा रोलर अडकत होता. पिनच्या टोकाशी लेथचा बारीक कुरळा कीस गुंडाळून बसला होता. अडकलेला रोलर म्हणजे तेवढ्या भागापुरतं ते साधं चाक होतं, मोकळं सरकण्याऐवजी घासतं, आणि त्या क्षणाला गाडीला आडवा झटका बसतो. चिमट्याने कीस काढला, झटका गेला. शॉपमधे रोज संध्याकाळी रोलर फिरवून बघणं हे कामाच्या यादीत टाकलंय.

रविवार, २३ फेब्रुवारी

आडवं सरकणं. याला मी मुद्दाम शेवटी हात घातला. १ मीटर डावीकडे म्हटलं तर गाडी ८९ सेंटीमीटर गेली, रॅम्प असूनही. घरच्या टाइलवर ९१ आली होती. ट्रेमधे ६ किलो जॉब ठेवले तर ८५.

सरळ जाताना रोलर स्वतःच्या पिनवर जवळपास फिरतच नाहीत, ते नुसते एकापाठोपाठ जमिनीला टेकत जातात. आडवं जाताना मात्र ते सतत फिरतात, त्यांच्या बुशचं घर्षण सतत लागू होतं, रबर दाबलं जातं, आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं अंतर घसरणीत जातं. म्हणून आडवी चाल नेहमी कमी पडते आणि वजन वाढलं की अजून कमी पडते. आज्ञेला १.१२ ने गुणलं की रिकामी गाडी बरोबर पोचते, बरेच जण तेवढंच करतात, पण माझा ट्रे कधी भरलेला असतो कधी रिकामा, त्यामुळे एकच गुणक चालणार नाही.

आणि वळणं. भरलेला ट्रे मागच्या बाजूला असेल तर डावीकडे सरकताना गाडीचं नाक मागे रेंगाळतं, १ मीटरमधे ७ अंश घड्याळाच्या दिशेने. उजवीकडे सरकताना तितकंच उलट. मागच्या चाकांवर वजन जास्त, ती पकडतात, पुढची जास्त घसरतात. हे काम मात्र जायरोचंच, कारण इथे खरोखर कोन बदलतोय. कोनाची चूक बघून w ला थोडी दुरुस्ती द्यायची. एवढ्याने नाक सरळ राहिलं, पण ८५ सेंटीमीटरचे १०० झाले नाहीत, होणारही नव्हते.

म्हणून मधे एक मोकळं चाक लावलं. ५० मिमीचं छोटं ओम्नी चाक, आडवं बसवलेलं, मोटर नाही, फक्त ६०० पल्सचा एन्कोडर, आणि स्प्रिंगने हलकं जमिनीला दाबलेलं. त्याच्यावर कसला भार नाही, म्हणून ते घसरत नाही, फक्त मोजतं. एका फेऱ्याला २४०० काउंट, म्हणजे काउंटला ०.०६५ मिमी. जागा मिळाली ती गाडीच्या मध्याच्या १२ सेंटीमीटर मागे, त्यामुळे गाडी नुसती वळली तरी ते चाक आडवं सरकल्याचं सांगतं. ५ अंश वळली तर १ सेंटीमीटरचं खोटं मोजमाप. ते असं काढून टाकायचं:

```cpp
float vy_real = v_dead + 0.12 * w_gyro;
```

आता मागायचं अंतर आणि या चाकाने सांगितलेलं अंतर यांतला फरक घेऊन vy ला दुरुस्ती जाते. सरळ जातानाही हेच लूप चालू ठेवलं, म्हणजे मागे उरलेलं ४ मिमीचं सरकणंही तेच ओढून आणतं.

शनिवार, १ मार्च

शॉपमधे २० फेऱ्या. लेथपासून ४ मीटर सरळ, मग १.१ मीटर आडवं, टेबलाला टेकणं. निम्म्या फेऱ्या भरलेल्या ट्रेच्या. टेबलाशी आडवी चूक जास्तीत जास्त १४ मिमी, आणि ट्रेच्या खाचेला २० मिमीपर्यंत चालतं. दुरुस्तीचं लूप बंद करून पाच फेऱ्या घेतल्या, फक्त झुलतं अॅक्सल आणि रॅम्प ठेवून, तर आडवी चूक १० ते १७ सेंटीमीटर, आणि बहुतेक सगळी त्या आडव्या टप्प्यातली.

ती १४ मिमीची फेरी कुठली ते लॉगमधे बघितलं. तिसऱ्या लेथपाशी कूलंटचा ओला पट्टा आहे. तिथून जाताना मोकळं चाकही घसरतं आणि त्याच्या रोलरवर तेलकट थर बसतो, मग पुढच्या दोन-तीन फेऱ्या ते थोडं कमी मोजतं. मित्राने लेथखाली ट्रे सरकवून गळती अडवायचं कबूल केलंय, आणि मी मोकळ्या चाकाच्या पुढे फेल्टचा तुकडा लावून बघणार आहे, रोलर पुसला जाईल असा.